दुसऱ्या नंबरची चाल: एका पालकांच्या रिव्ह्यूला क्लासचं उत्तर

★★☆☆☆
"मुलगा तुमच्याकडे बुद्धिबळ शिकतो. नांदेडच्या स्पर्धेतला त्याचा डाव घरी ॲपवर तपासला. शेवटी हत्ती-हत्ती उरले तिथं कॉम्प्युटरची पहिली चाल Re1 होती, ह्यानं दुसऱ्या नंबरची Rb6 खेळली आणि अर्धा गुण घेऊन आला. समजावून सांगायचं सोडून सरांनी वर शाबासकी दिली. दुसऱ्या नंबरचीच चाल शिकवायची तर आम्ही क्लास कशाला लावायचा? संध्याकाळची बॅचही वेळेवर सुरू होत नाही."

क्लासचं उत्तर:

नमस्कार साहेब,

मुलाचा डाव घरी बसून तपासणारे पालक आमच्याकडे फार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हाच प्रश्न पडलेले आणखीही पालक असतील, त्यांच्याही उपयोगी पडेल.

ॲपवर तो डाव पुन्हा उघडा आणि चालीच्या नावाआधी तिच्या शेजारचा आकडा बघा. Re1 पुढं 0.00 आहे आणि Rb6 पुढंही 0.00 आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही चालींचा निकाल एकच, बरोबरी. आकडे सारखे असले तरी पडद्यावर एक ओळ वर आणि एक खाली छापावीच लागते. ह्या दोघींत वर कोण, ह्याला काही अर्थ नसतो. आपल्या लातुरात लेकरं ॲन्सर-की बघत मोठी होतात. एक पर्याय बरोबर, तीन चूक. इंजिनच्या ओळी तशा वाचायच्या नसतात. मुळात Re1 खेळून तो डाव जिंकता येत नव्हता. पोरगं एक प्यादं मागं होतं, अर्धा गुण हेच त्या स्थितीचं पूर्ण मोल होतं, आणि ते त्यानं वसूल केलं.

आता पट मांडा. पांढऱ्याचा राजा d5, हत्ती a7, प्यादं e5. आपल्या मुलाचा काळा राजा e8, हत्ती b1, आणि चाल काळ्याची.

त्यानं खेळलेली Rb6 ही फिलिडोरची पद्धत, 1777 पासून छापील आहे. हत्ती सहाव्या रांगेत उभा राहिला की पांढऱ्या राजाला पुढं सरकता येत नाही. काळ्यानं फक्त त्या रांगेत हत्ती इकडून तिकडं हलवत राहायचं. राजा c5 वर येऊन हत्तीच्या अंगावर आला तर Rh6, एवढंच. पांढऱ्याला काही करायचं असेल तर प्यादं e6 वर ढकलावं लागतं. ते ढकललं की त्याच क्षणी काळ्याचा हत्ती b1 वर परत जातो. आता राजा d6 वर आला तर Rd1+ आणि मागून शहावर शह. प्यादं पुढं गेल्यामुळं राजाला आडोसा उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच: सहावी रांग सोडायची नाही, आणि प्यादं त्या रांगेत आलं की लगेच खाली जायचं.

तुमच्या ॲपनं वर दाखवलेली Re1 हीसुद्धा खरी चाल आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण पुढं काय होतं ते एकेक चाल दाबत बघा. पांढरा राजा e6 वर येतो आणि Ra8 मात अशी धमकी उभी राहते. काळ्यापुढं राजा हलवण्याचे दोनच रस्ते, d8 आणि f8. इथं ॲपला तीन ओळी दाखवायला सांगा. Kf8 पुढं 0.00 दिसेल आणि त्याखालच्या सगळ्या ओळी पांढऱ्याच्या विजयाच्या असतील. Kd8 दिसायला तेवढीच साधी चाल आहे, पण तिथं डाव गेला: Ra8+ Kc7 आणि मग Re8. काळ्या हत्तीला आता बाजूनं शह द्यायला h पट्टीच उरते. e आणि h मध्ये फक्त दोन पट्ट्या आहेत, पांढरा राजा चालत जाऊन हत्तीलाच हाकलतो. राजा f8 कडं गेला तर हत्तीला a पट्टी मिळते, मध्ये तीन पट्ट्यांचं अंतर राहतं आणि शह टिकतात. ह्यालाच आम्ही मुलांना 'राजा आखूड बाजूला, हत्ती लांब बाजूला' असं पाठ करून घेतो.

समजा Kf8 सापडली. Ra8+ ला Kg7, तिथं दुसरी चालच नाही. मग पांढरा Re8 खेळून प्याद्याला पुढून आधार देतो, म्हणजे राजा मोकळा झाला. आता काळ्याचं पुस्तकी उत्तर Ra1. e पट्टीवर पक्का बसलेला हत्ती आपणहून तिथून काढायचा, हे अकरा-बारा वर्षांच्या लेकराला पटावर सहज सुचत नाही. त्यावर पांढरा Rd8 खेळला तर तोच हत्ती पुन्हा Re1. एकदा लांब, एकदा मागं, तेही दर वेळी समोरचा काय करतो ते ओळखून. डाव पंधरा मिनिटांचा होता, चालीमागं दहा सेकंद वाढ. डाव हत्ती-हत्तीवर आला तेव्हा मुलाच्या घड्याळात दोन मिनिटंसुद्धा नव्हती, हे त्यानंच मला सांगितलं.

शाबासकी ह्यासाठी होती. दोन 0.00 मधला फरक कॉम्प्युटर सांगत नाही, कारण त्याला फरक पडतच नाही. Re1 नंतर आलेली एकुलती एक चाल त्याला दर वेळी सापडते. माणसाला ती दर वेळी सापडत नाही.

म्हणून आमच्याकडे तीन-चार ओळी उघडून बसायला शिकवतो, त्याची रीत अशी. संगणकावरच्या प्रोग्राममध्ये ह्या सेटिंगचं नाव `MultiPV` असतं, फोनवर बहुतेक ठिकाणी 'लाइन्स' असं काही तरी. ती तीन किंवा चार करायची आणि इंजिनला थोडा वेळ द्यायचा. जास्त ओळी मागितल्या की प्रत्येक ओळ तेवढ्याच वेळात कमी खोल जाते, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांतला क्रम बघून निष्कर्ष काढणं हा घरोघरी होणारा घोटाळा आहे. मग पहिल्या ओळीतून चालत जायचं आणि आपली चाल येईल त्या प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं: इथं पहिल्या आणि दुसऱ्या चालीत किती अंतर आहे? अंतर थोडं असेल तर चुकलं तरी निभावतं. पहिली 0.00 आणि दुसरी हरलेली असेल तर तो कडा आहे. ओळीत असे कडे किती, ते मोजायचं. मग दुसऱ्या ओळीत तेच करायचं. Re1 च्या वाटेवर पहिल्याच पावलाला कडा आहे आणि पुढं चालताना तोल सांभाळावा लागतो. Rb6 च्या वाटेवर खरा कडा एकच, प्यादं e6 ला आल्यावरचा, आणि तो कधी येणार हे आधीच माहीत असतं.

एक गोष्ट सगळ्याच पालकांसाठी. आकडा कशाचा असतो हे माहीत असलेलं बरं. स्टॉकफिश ह्या इंजिनच्या 15.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2022 च्या अखेरीपासून, +1.00 ह्याचा अर्थ साधारण असा ठरवला आहे की तिथून जिंकण्याची शक्यता निम्मी. पण खेळणारे दोघंही स्टॉकफिश! जिल्हा स्पर्धेतली दोन लेकरं त्या हिशेबात कुठंच नाहीत. त्यामुळं +1.4 ची चाल सोडून +1.1 ची घेतली म्हणून मी कुणाला ओरडत नाही. ओरडतो ते निकाल बदलला तर. +2.5 ची चाल समोर असताना सोपी म्हणून +0.3 ची खेळलास तर ती सोय नव्हे, जिंकलेला डाव सोडून देणं आहे. आणि Kf8 सारख्या जागी दुसरा पर्यायच नसतो, तिथं पहिली ओळ मुकाट्यानं शोधायचीच. दुसरी ओळ घ्यायची मुभा फक्त दोघी एकाच निकालाच्या असतील तेव्हा.

जिंकत असतानाचा प्रकार तर आणखी फसवा. इंजिनला कुठंही मात दिसली की ती ओळ सगळ्यात वर जाते, मग ती पंधरा चालींची का असेना. खाली +9 ची ओळ असते, तिच्यात वजीर मारामारी करून एक प्यादं सरळ वजीर व्हायला निघालेलं असतं. चार मिनिटं उरली असतील तर आमचा मुलगा खालची खेळणार, आणि मी मान डोलावणार. मात्र मात दोन-तीन चालींची असेल आणि ती दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी तशी वीस कोडी सोडवायला लावतो. ते तुमच्या चिरंजीवांना विचारा, त्यांनी सोडवलेली आहेत.

एक विनंती. रविवारी हीच स्थिती घरी मांडा, पांढरे मोहरे तुम्ही घ्या आणि दोघांना पाच-पाच मिनिटं लावा. आधी त्याला Re1 नं सुरुवात करायला सांगा, तुम्ही Ke6 खेळा आणि त्याचा राजा कुठं जातो ते बघा. मग पुन्हा मांडून Rb6. मोबाइल तेवढा वेळ बाजूला असू द्या. डाव झाल्यावर तपासायला हरकत नाही, आणि पुढच्या वेळी आलात की तुमच्या खुणा घेऊन या, आपण तिघं मिळून बघू.

बॅचच्या वेळेचं म्हणाल तर सहाच्या आधी लहान मुलांचे सराव-डाव घड्याळ लावून चालू असतात. चालू डाव मध्येच थांबवायचा नाही हा आमचा नियम आहे, त्यामुळं पाच-दहा मिनिटं पुढं-मागं होतात. येत्या सोमवारपासून मोठ्या बॅचची वेळ सव्वासहाची केली आहे, सुटायची वेळही पंधरा मिनिटांनी पुढं. दारावर कागद लावला आहे आणि पालकांच्या ग्रुपवरही टाकतो.