पांढरं दिसलं म्हणून फेकायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया अशी होती:

«तुमचा लेख उगाच घाबरवणारा वाटला. एकीकडे लिहिता, सुक्या माशावर पांढरं दिसलं तर फेका. दुसरीकडे म्हणता, सलामीवरची पांढरी बुरशी चांगली. नक्की काय? मला रक्तदाब आहे म्हणून यंदा मीठ कमी केलं. साफ केलेल्या एक किलो माशाला ७० ग्रॅम. उन्हात वाळवून ५५० ग्रॅम भरला. चौथ्या महिन्यात पांढरे ठिपके आले, ते पुसले, दोन दिवस ऊन दाखवलं आणि तळून खाल्ला. कुणालाही काही झालं नाही. मीठ लावलेला मासा खराब होत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.»

आधी माझी चूक कबूल करतो. त्या लेखात मी «पांढरं» हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला. त्यामुळे गोंधळ झाला असेल तर दोष तुमचा नाही.

पहिलं पांढरं म्हणजे मीठच. भरपूर खारवलेला मासा वाळतो तेव्हा आतलं मीठ पृष्ठभागावर येऊन त्याचे कण जमतात. ते टोचरे, खरखरीत असतात, उजेडात चमकतात, आणि त्यांवर पाण्याचा एक थेंब टाकला की विरघळून नाहीसे होतात. दुसरं पांढरं महिनोन्‌महिने मुरवलेल्या मांसात सापडतं. काप काढल्यावर आत साखरेच्या दाण्याएवढे पांढरे, कडक ठिपके दिसतात. प्रथिनं तुटताना मोकळं झालेलं ते टायरोसिन असतं आणि ते निरुपद्रवी आहे. तिसरी बुरशी. ती लवदार असते, थेंबाने विरघळत नाही, बोट फिरवलं तर फासली जाते, आणि डबा उघडताच कुबट वास येतो. तुम्ही लिहिलंय की ठिपके «पुसले». मीठ असं सहज पुसलं जात नाही, खरवडावं लागतं. तेव्हा तुमच्याकडची बुरशीच होती असं मी धरून चालतो.

आता मिठाबद्दल. मीठ जंतूंना मारतं असं आपण सहज म्हणतो, पण ते मुख्यतः पाणी अडवून धरतं. माशात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंच्या हाती लागतं, याला महत्त्व. याला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ असते, आणि आणखी मीठ विरघळणारच नाही इतक्या खारट पाण्याची ०.७५. अशा पाण्यात वजनाने सुमारे २६ टक्के मीठ असतं. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली थांबतात. विषबाधा करणाऱ्यांतला सर्वांत चिवट स्टॅफिलोकोकस साधारण ०.८६ पर्यंत तग धरतो. नेहमीच्या बुरशींना ०.८० च्या आसपास लागतं. म्हणून माशात उरलेलं पाणी मिठाने पूर्ण भरलेलं हवं. एकूण वजनाच्या किती टक्के मीठ आहे, हा आकडा इथे कामाचा नाही. मिठाला मीठ अधिक पाणी यांच्या बेरजेने भागायचं.

तुमच्याच माशाचा हिशेब मांडतो. कमी चरबीच्या एक किलो माशात पाणी सोडून उरणारा ऐवज साधारण २०० ग्रॅम असतो. मीठ लावल्यावर पाणी सुटतं आणि त्याबरोबर थोडं मीठही वाहून जातं, म्हणून ७० पैकी ५० ग्रॅम आत राहिलं असं धरू. वाळल्यावर वजन ५५० ग्रॅम, म्हणजे पाणी उरलं ३०० ग्रॅम. ५० भागिले ३५० केलं की सुमारे १४ टक्के येतात, म्हणजे जलसक्रियता ०.९० च्या आसपास. सगळं ७० ग्रॅम मीठ आत राहिलं असं तुमच्या बाजूने मानलं, तरी २० टक्के होतात आणि जलसक्रियता ०.८४ च्या खाली फारशी उतरत नाही. बुरशीला दोन्ही आकडे मानवतात, आणि पहिल्यात तर स्टॅफिलोकोकसलाही जागा आहे.

याच माशाला तिप्पट मीठ लागलं असतं आणि १०० ग्रॅम आत राहिलं असतं, तर त्याच ५५० ग्रॅममध्ये पाणी २५० ग्रॅम असतं. १०० भागिले ३५० म्हणजे २८ टक्क्यांहून जास्त. पाणी पूर्ण भरलं, वरचं मीठ कणांच्या रूपात बाहेर आलं. वजन तेच, हाताला कडकपणाही जवळपास तोच, पण टिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक. पिढ्यान्‌पिढ्या टिकत आलेला मासा तो हा. तुम्ही मीठ कमी केलंत आणि वाळवणं तेवढंच ठेवलंत, तिथे गणित फसलं. तुमच्या ५० ग्रॅम मिठात मासा ३९० ग्रॅमपर्यंत वाळायला हवा होता. मीठ अजिबात नसेल तर पाणी १५ टक्क्यांच्या खाली न्यावं लागतं, म्हणजे तोच एक किलो जेमतेम २३५ ग्रॅम उरला पाहिजे, काडीसारखा मोडणारा. (मासा तेलकट असेल तर हे आकडे बदलतात, शिवाय त्याची चरबी खवट होऊन तो पिवळा-तपकिरी पडतो. मीठ हा खवटपणा वाढवतं, थांबवत नाही.)

खारवलेल्या माशाचा आणखी एक स्वभाव सांगितला पाहिजे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हा तोच ७५ चा आकडा आहे, आणि तो योगायोग नाही. त्यामुळे उत्तम वाळलेला मासासुद्धा दमट हवेत नुसत्या कापडात गुंडाळून ठेवला की हळूहळू पाणी पितो. मी स्वतः एकदा पक्का खारवलेला ५५० ग्रॅमचा गठ्ठा कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला आणि विसरलो. काढला तेव्हा कागद ओला, मासा लवचीक, वजन ६२० ग्रॅम. वरचे सत्तर ग्रॅम निव्वळ हवेतलं पाणी. खालच्या बाजूला मिरपूड भुरभुरावी तसे बारीक तपकिरी ठिपके. वॉलेमिया नावाची ही बुरशी मिठातच रमते आणि ०.७५ च्या आसपासही वाढते. तेव्हापासून मी पाकिटावर भरतानाचं वजन लिहितो आणि महिन्याने पुन्हा तोलतो. नाकाला आणि डोळ्याला कळायच्या आत काट्याला कळतं.

मिठात रमणारे आणखीही आहेत. खारवलेल्या माशावर कधी गुलाबी-लालसर, बुळबुळीत थर येतो. ते मीठप्रेमी सूक्ष्मजीव बहुधा मिठातूनच येतात, उन्हात पाणी आटवून केलेल्या मिठात ते सापडतात. ते स्वतः विषारी मानले जात नाहीत, पण मासा मऊ पाडतात आणि घाण वास आणतात. थर आला, वास आला, बोटाने दाबल्यावर मांस पिठासारखं सुटू लागलं, की तो मासा गेला. थंड जागी, १० अंशांच्या खाली, दोघांचीही वाढ फार मंदावते.

मग सलामीला वेगळा न्याय का? कारण तिथली बुरशी पाहुणी नाही, बोलावून आणलेली आहे. पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्सी या निवडक बुरशीचे बीजाणू मुद्दाम आवरणावर लावतात. ती पांढरी चादर दुसऱ्या बुरशींना जागा देत नाही, आणि खाताना आवरण सोलून टाकता येतं. आत जंतूंना रोखणारं नायट्राइट असतं, आंबवल्यामुळे आम्लता असते. डुकराच्या अख्ख्या, खारवून वाळवलेल्या कडक मांडीवर आलेली बाहेरची बुरशी घासून काढतात तेही याच हिशेबाने, की मांस जाड आणि घट्ट आहे, बुरशी वरच राहते. तुमचा मासा अर्ध्या बोटाएवढा जाड आणि तंतूंमध्ये फटी. पुसला जातो तो बुरशीचा वरचा भाग, धागे आतच राहतात. कापलेल्या सलामीच्या चकत्यांवर बुरशी आली तर त्याही मी फेकतो. आणि अशा मांडीचं मांस बाहेरून छान दिसत असलं तरी हाडाजवळ लांब सुई खुपसून वास घ्यावा. सुईला आंबट-सडका वास आला, तर मीठ तिथवर पोचायच्या आधीच मांस नासलेलं असतं.

«कुणालाही काही झालं नाही» यावर मी वाद घालत नाही, बहुतेक वेळा होतही नाही. पण काही बुरशी पुरेसा ओलावा मिळाला की अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तयार करतात. ती उन्हाने जात नाहीत, तळण्यानेही भरवशाने जात नाहीत, आणि त्यांचा परिणाम दुसऱ्या दिवशी पोटात दिसत नाही. हिस्टामिन या विषाचं उलट आहे, त्याचा परिणाम लगेच जाणवतो. मीठ लावण्याआधी मासा उन्हात पडून राहिला की ते तयार होतं, नंतर मीठ, ऊन, तेल कशानेच जात नाही. जिभेला मिरीसारखं चुरचुरलं, तोंड लाल होऊन तापलं, तर ते बहुधा हेच.

सर्वांत वाईट प्रकारात मात्र काहीच दिसत नाही. कमी मिठाचा मासा बुरशी येऊ नये म्हणून हवाबंद केला, तर बुरशी येत नाही, पण बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला हवी तशी बिनहवेची जागा मिळते. तो ०.९४ च्या खाली, म्हणजे पाण्यात १० टक्के मीठ झाल्यावर थांबतो. तुमचा मासा सरासरीने त्यापलीकडे आहे, पण जाड भागात आणि पोटाशी सरासरी चालत नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्क आणि इस्रायलमध्ये पोट साफ न करता खारवलेल्या माशामुळे आठ जणांना हा आजार झाला, त्यातला एक दगावला. तुम्ही मासा आधी साफ केलात हे फार बरं केलंत.

रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं ते साठवताना नाही, रांधताना. पक्का खारवलेला मासा आदल्या दिवशी फ्रिजमध्ये भरपूर पाण्यात भिजत घाला आणि पाणी तीन-चार वेळा बदला. बरंच मीठ निघून जातं. तरीही उरतंच, तेव्हा किती आणि कितीदा खायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा. खारवणं जमणारच नसेल, तर मासा ताजाच फ्रीझरमध्ये ठेवलेला बरा.

ज्या तुकड्यांवर ठिपके आले ते, आणि त्यांना चिकटून असलेले, टाकून द्या. उरलेला मासा कोरडा, मोडताना कडकडणारा असेल आणि कुबट वास नसेल, तर आजच तोलून फ्रीझरमध्ये टाका. वाकवल्यावर चामड्यासारखा वळत असेल, तर तोही ठेवू नका.