सहाशे माणसांत ३६.४ टक्के कसे बसतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

'सरकारने आधी कशात लक्ष घालावे' हे विचारणाऱ्या, गोव्यातल्या ६०० जणांच्या एका पाहणीचा अहवाल मी लेखात तपासला होता. त्यावर फोंड्याहून एका वाचकांची प्रतिक्रिया :

"६०० जणांच्या पाहणीत ±३ टक्के ही त्रुटी चुकीची आहे असे तुम्ही लिहिता. पण गोवा लहान आहे, मतदार अकरा-साडेअकरा लाख. महाराष्ट्राला जेवढा नमुना लागतो तेवढा इथे का लागावा? ३६.४ टक्के हा आकडा 'अशक्य' म्हणता, पण संस्था आकड्यांना वेटेज देतात हे तुम्हाला ठाऊक नाही का? आणि चारही पर्यायांची बेरीज १००.१ होते, ही उघड चूक मात्र तुम्ही सोडून दिलीत."

आपण लेख आकडेमोडीसकट वाचलात याबद्दल आभार. आपल्या तीन आक्षेपांपैकी एक मला मान्य आहे. तो कोणता, हे ओघात येईलच.

आधी नमुन्याच्या आकाराविषयी. त्रुटीची मर्यादा किती माणसांना विचारले यावर ठरते. ती माणसे किती मोठ्या लोकसंख्येतून निवडली याचा तिच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी सर्वांत मोठी मर्यादा, म्हणजे मते निम्मी-निम्मी विभागली असतील तेव्हाची मर्यादा, काढायला मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो :

```
100 * 0.98 / sqrt(600)
```

याचे उत्तर ४.० येते. ±३ हवे असेल तर सुमारे १,०६७ जणांना विचारावे लागते. आता लोकसंख्या मर्यादित असल्याची सूट धरू. साडेअकरा लाखांतून ६०० जण घेतल्यावर ही सूट इतकी क्षुल्लक ठरते की ४.००१ चे ४.००० होतात. केवळ या सुटीच्या बळावर ४ चे ३ व्हायचे असतील, तर ज्यांतून ६०० जण निवडले ती मतदारयादीच जेमतेम १,३७० नावांची असायला हवी. एखाद्या छोट्या गावाची यादी तेवढी असू शकेल, राज्याची नव्हे. गोव्यात 'ओपिनियन पोल' म्हटले की १६ जानेवारी १९६७ आठवतो. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ती मतदानाला आलेल्या प्रत्येकाच्या मताची मोजणी होती, म्हणून तिथे नमुन्याच्या त्रुटीचा प्रश्नच नव्हता. आपण ज्या पाहणीविषयी बोलतो आहोत ती मात्र नमुन्याची आहे आणि तिला हा हिशेब चुकवता येत नाही.

आता ३६.४ कडे वळतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. सहाशे जणांत एक माणूस म्हणजे टक्क्याचा सहावा भाग, अर्थात ०.१६७. एकेक माणूस वाढवत गेलो आणि उत्तर एका दशांशस्थळापर्यंत लिहिले, तर दशांश चिन्हापुढे ०, २, ३, ५, ७ आणि ८ एवढेच अंक येऊ शकतात. १, ४, ६ आणि ९ कधीच येत नाहीत. २१८ जण म्हणजे ३६.३ टक्के आणि २१९ जण म्हणजे ३६.५ टक्के, मधल्या ३६.४ ला माणूसच उरत नाही. 'सरकारने आधी कशात लक्ष घालावे' या प्रश्नाखाली अहवालात नोकऱ्या ३६.४, पाणी २७.१, कचरा १८.६ आणि रस्ते १८.० असे आकडे आहेत. यांतला शेवटचा सोडला तर एकही सहाशेंत बसत नाही.

मग ते कशात बसतात? अहवालाच्या पुढच्या पानावर 'सांगता येत नाही' म्हणणारे १२ टक्के दाखवले आहेत. सहाशेंचे १२ टक्के म्हणजे ७२ जण. ते वगळले की ५२८ उरतात. पेन्सिलीने समासात भागाकार करून पाहिला : १९२, १४३, ९८ आणि ९५. या चार संख्यांची बेरीज बरोबर ५२८ होते आणि टक्केवारी नेमकी छापल्याप्रमाणे येते. आपण जिला उघड चूक म्हणता ती १००.१ ही बेरीजही इथेच सुटते. मूळ आकडे ३६.३६, २७.०८, १८.५६ आणि १७.९९ आहेत. पूर्णांकन करताना ते चारही थोडे वर गेले, आणि त्यातून ०.१ जास्त झाला. अशी बेरीज दिसली की मी संशय घेत नाही. उलट बेरीज नीट १०० यावी म्हणून कुणी आकडे ओढूनताणून बसवलेले नाहीत, असे मानतो.

म्हणजे तक्त्याचा पाया ५२८ चा आहे, पण वर '६०० जणांचा कौल' असे छापले आहे. ५२८ साठी त्रुटीची मर्यादा ४.३ येते. नोकऱ्यांचा पहिला क्रमांक यामुळे ढळत नाही, हे मान्य करायला हवे : नोकऱ्या आणि पाणी यांतला ९.३ टक्क्यांचा फरक त्याच्या स्वतःच्या मर्यादेहून, म्हणजे सुमारे ६.८ हून, मोठा आहे. पण 'कचऱ्याने रस्त्यांना मागे टाकले' हे वाक्य ९८ आणि ९५ या संख्यांवर, म्हणजे तीन माणसांवर, उभे आहे. पेडण्याच्या तक्त्यात तर एकूण ४८ उत्तरे आहेत आणि तिथे ३७.५ विरुद्ध ३३.३ हा फरक १८ विरुद्ध १६ एवढाच आहे. ४८ जणांसाठी मर्यादा ±१४ होते. त्या तक्त्यावरून तालुक्याविषयी मथळा देणे मला गैर वाटते.

वेटेजचा आपला आक्षेप मात्र योग्य आहे. प्रत्येक उत्तराला वेगळा भार दिला की टक्केवारी अख्ख्या माणसांशी जुळायलाच हवी असे बंधन उरत नाही, आणि माझी कसोटी लागू पडत नाही. अहवालात वेटेजचा उल्लेख नाही, पण उल्लेख नाही म्हणजे ते दिलेच नाही असा अर्थ होत नाही, आणि मी तो तसा काढला. ५२८ जुळले हाही पुरावा निर्णायक नाही : एवढ्या पायावर एका दशांशाचे निम्म्याहून थोडे अधिक आकडे योगायोगानेही बसतात. माझा भरवसा बसला तो ७२ ही संख्या अहवालाच्याच दुसऱ्या पानावरून स्वतंत्रपणे आली म्हणून.

तरीही वेटेजने ±३ चा बचाव होत नाही, कारण वेटेजने त्रुटी साधारणपणे वाढते. समजा, ६०० पैकी ४२० पुरुष आणि १८० स्त्रिया भेटल्या. गोव्याच्या मतदारयादीत स्त्रिया पुरुषांपेक्षा किंचित जास्तच असल्यामुळे दोघांचा वाटा निम्मा-निम्मा करायचा ठरला, तर प्रत्येक स्त्रीचे उत्तर १.६७ पट आणि प्रत्येक पुरुषाचे ०.७१ पट धरावे लागेल. थोड्या उत्तरांवर जास्त भार पडल्यामुळे हा नमुना ५०४ जणांच्या साध्या नमुन्याइतकाच भरवशाचा राहतो आणि मर्यादा ४.४ होते. वेटेज धरा किंवा न धरा, ±३ कुठल्याच वाटेने येत नाही.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही मूळ लेखात यायला हवे होते. नमुना हजार किंवा त्याहून मोठा असेल, तर एका दशांशाचा प्रत्येक आकडा शक्य असतो. आणि टक्के पूर्णांकात छापले असतील, तर शंभरहून लहान गटातच ती काही सांगू शकते.

संस्थेला मी चारही ओळींतली वेटेजपूर्व उत्तरसंख्या विचारली आहे. मूळ लेखातला 'अशक्य' हा शब्द आज काढून तिथे 'वेटेज दिले नसेल तर ६०० च्या पायावर न बसणारा' असे लिहिले आहे आणि ±३ बद्दलचे वाक्य तसेच ठेवले आहे.