ग्रुपवर "कृपया सर्वांनी स्वच्छता राखावी" टाकणाऱ्या समस्त फ्लॅटमेट्सना

फ्लॅटच्या ग्रुपवरचा एक मेसेज सगळ्यांनी पाहिलेला असतो. "कृपया सर्वांनी आपापली भांडी घासावीत आणि किचन स्वच्छ ठेवावे." खाली तीन अंगठे येतात आणि दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये तीच भांडी असतात. माझं स्पष्ट मत आहे की यात आळशीपणाचा वाटा थोडा आणि मेसेजचा दोष जास्त असतो. "सर्वांनी" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, हे बाकीच्यांसाठी आहे, आपण तर करतोच.

आणि "आपण तर करतोच" हे मनापासून वाटत असतं. मायकल रॉस आणि फियोर सिकोली या संशोधकांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवराबायकोला वेगवेगळं विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. मुद्दाम खोटं बोलावं लागत नाही. आपण घासलेलं पातेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने घासलेलं आपल्याला फक्त स्वच्छ दिसतं. दोघांत हे असं, तर चौघांच्या फ्लॅटमध्ये काय होत असेल बघा. म्हणून मेसेजमध्ये मागचा हिशोब काढायचाच नाही. "गेला महिनाभर मीच करतेय" हे वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी समोरचे तिघे आपापली आठवण घेऊन भांडायला उतरतील. बोलायचं ते पुढच्या आठवड्याबद्दल.

पुढच्या आठवड्याबद्दल बोलायचं तर आधी कामं मोजावी लागतात, तीही मिनिटांत. "तू किचन, तू बाथरूम, तू हॉल, तू कचरा" ही वाटणी ऐकायला समान वाटते, पण नसते. चौघांचा फ्लॅट धरा. एक रोज स्वयंपाक करते, एक बहुतेक बाहेरच जेवतो, एकाची रात्रपाळी आहे, एक सकाळी जाऊन संध्याकाळी येते. ओटा आणि शेगडी पुसायला रोज १० मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याला ७०. कचऱ्याची पिशवी बांधून बाहेर ठेवणं आणि नवी लावणं रोज ५, म्हणजे ३५. बाथरूम-टॉयलेट आठवड्यातून एकदा, पण नीट घासलं तर ४०. हॉल आणि पॅसेज झाडून-पुसणं दोनदा, प्रत्येकी २५, म्हणजे ५०. एकूण १९५. माणशी पन्नासच्या आत-बाहेर. ज्याच्याकडे अख्खं "किचन" येतं त्याला सत्तर आणि कचऱ्यावाल्याला पस्तीस! महिन्याभरात धुसफूस सुरू होणारच.

आता हे बसवून बघू. रोज स्वयंपाक करणारीने ओटा पाच दिवस घेतला, ५० मिनिटं. बाहेर जेवणारा म्हणतो, "मी किचन वापरतच नाही." बरोबर आहे, त्याच्या गळ्यात ओटा मारण्यात अर्थ नाही. पण बाथरूम तो बाकीच्यांइतकंच वापरतो, त्याने ते घ्यावं, ४०. रात्रपाळीवाला सकाळी येतो तेव्हा कचरा बाहेर ठेवू शकतो, ३५, आणि ओट्याचे उरलेले दोन दिवस त्याच्या सुट्टीला येतात, २०. त्याचे झाले ५५. चौथीकडे झाडू-पोछा, ५०. सगळ्यांचं अगदी सारखं नाही. बाहेर जेवणाऱ्याला थोडं कमी आलं, पण तो किचन घाण करत नाही, तेव्हा मला हे योग्यच वाटतं.

भांडी यात मुद्दाम घेतली नाहीत. स्वतःचं ताट, वाटी, पेला ज्याचा त्याने त्याच रात्री. सगळ्यांसाठी कोणी एकाने रांधलं तर मोठी पातेली खाणाऱ्यांनी घासायची, रांधणाऱ्याने नाही.

एवढं हाताशी असलं की मेसेज लिहिणं सोपं आहे. मी असा लिहीन:

"मंडळी, किचन-बाथरूमचं एकदा ठरवून टाकूया का? सध्या काहीच ठरलेलं नाही, त्यामुळे सकाळी घाईच्या वेळी सिंक भरलेलं असतं आणि चिडचिड सगळ्यांचीच होते. कामं चार दिसतायत: ओटा-शेगडी (शनिवार-रविवार सोडून), बाथरूम, झाडू-पोछा, आणि कचरा + शनिवार-रविवारचा ओटा. वेळ साधारण सारखा पडेल असं पाहिलंय. स्वतःची भांडी त्याच रात्री ज्याची त्याने. मला ओटा चालेल, पण कोणाला तोच हवा असेल तर मी दुसरं घेते. तुम्हाला कुठलं काम सोयीचं ते उद्या रात्रीपर्यंत सांगा. पंधरा दिवस करून बघू, नाही जमलं तर बदलू 🙂"

यात "सर्वांनी" नाही, "कोणीतरी" नाही, "परत एकदा सांगते" तर नाहीच. "कुठलं काम सोयीचं" असं विचारलंय, त्याला अंगठा दाखवून सुटता येत नाही, कामाचं नावच लिहावं लागतं. आणि स्वतःचं नाव आधी घातलंय, नाहीतर मेसेज वॉर्डनने काढलेल्या सूचनेसारखा वाचला जातो. खरकट्या सिंकचा फोटो सोबत जोडायचा मोह आवरा. कोणाचं ताट वर आहे हे सगळ्यांना ओळखू येतं आणि मग चर्चा त्या ताटाचीच होते. भांडण झालेल्या रात्रीही हा मेसेज पाठवू नये, शब्द कितीही गोड असले तरी. आणि ज्याला पटकन राग येतो त्याच्याशी आधी तोंडी बोलून ठेवा, म्हणजे तो ग्रुपवर पहिला "मी बाथरूम घेतो" लिहील.

नावं आली की आणखी एक गोष्ट लगेच ठरवा: काम झालं म्हणजे नक्की काय झालं. एकाच्या मते ओटा साफ म्हणजे वरून फडका फिरवला. दुसरीच्या मते शेगडी उचलून खालचं पुसलं, सिंकच्या जाळीत अडकलेलं खरकटं काढून कचऱ्यात टाकलं, आणि फडका पिळून वाळत घातला. हा फडका ओलाच गोळा करून सिंकच्या कडेला ठेवला तर दुसऱ्या दिवशी तोच वास मारतो आणि त्यानेच ओटा पुसला जातो. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिकच असतात, पण भांडण यावरूनच होतं. प्रत्येक कामापुढे एक ओळ लिहून फ्रिजवर चिकटवली की पुरे.

कोणाचं काम राहिलं तर ग्रुपवर हाक मारू नका, खाजगीत विचारा: "कचरा राहिलाय, झोपायच्या आधी ठेवशील का?" माणूस दमलेला असतो, गावाला गेलेला असतो. अदलाबदल खुशाल करू द्या, फक्त बदली शोधायचं काम ज्याचं त्याचं.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर विचारायचं ते "कसं चाललंय?" असं नाही. "कुठल्या कामाला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागतोय?" असं विचारा. बहुधा बाथरूमवाला बोलेल, मग त्याचे ४० चे ५० धरा आणि वाटणी हलवा. आणि एखादा पंधरा दिवसांत एकदाही हललाच नाही, तर दुसरा गोड मेसेज लिहीत बसू नका. चौघं समोरासमोर बसा आणि त्याला दोनच पर्याय द्या: काम बदलून घे, नाहीतर सफाईला माणूस लावू आणि तुझ्या वाटच्या कामाचे पैसे तू दे.