केस किती डिग्रीला खराब होतात? आधी सांगा, ते पूर्ण वाळलेत का?

माझ्या मावसबहिणीच्या कपाळावरच्या बटा गेल्या वर्षी बोटभर उंचीवर तुटायला लागल्या. बाकीचे केस व्यवस्थित, फक्त समोरचे तेवढेच तुटके आणि हाताला काथ्यासारखे राठ. तिने तेल बदललं, शाम्पू बदलला, रक्त तपासून घेतलं, पण काही निघालं नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी दोन-चार तुटके केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिला दाखवले. केसाच्या आत एकापुढे एक गोल पोकळ्या होत्या, अगदी बुडबुड्यांसारख्या. केस तुटत होता तो त्याच पोकळ्यांपाशी. या प्रकाराला ‘बबल हेअर’ म्हणतात. डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला, “स्ट्रेटनर फिरवता तेव्हा केस पूर्ण वाळलेले असतात का?”

नसायचे. सकाळी डोकं धुऊन, घाईघाईने ड्रायर मारून, वरून कोरडे लागले की ती स्ट्रेटनर घ्यायची. सेटिंग शेवटचं, २३० डिग्री. समोरच्या बटा आधी, कारण आरशात त्याच दिसतात. चर्र आवाज यायचा, वाफ निघायची, आणि तिला वाटायचं की स्ट्रेटनर चांगला तापलाय. “ताई, सगळ्यांच्याच केसांतून वाफ निघते ना?” असं तिने मला विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. कारण हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ही एवढी मोठी पोस्ट. ‘किती डिग्रीपर्यंत चालतं?’ हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तरात एकच आकडा मिळतो. माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. केसात पाणी किती आहे हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. ते आतून स्प्रिंगसारखं पीळदार असतं, आणि केसाची ताकद बरीचशी त्या पिळात असते. जास्त उष्णतेने हा पीळ कायमचा मोडतो. पूर्ण कोरडा केस प्रयोगशाळेत तापवला तर ही मोडतोड साधारण २३० डिग्रीच्या आसपास होते. तोच केस पाण्यात ठेवून, पाणी उडून जाऊ नये म्हणून बंद डबीत तापवला, तर ती साधारण १५० लाच होते. केस तोच, पण मर्यादा जवळजवळ ८० डिग्रीने खाली येते. पाणी केराटिनच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतं, म्हणून कमी उष्णताही पुरते.

घरच्या स्ट्रेटनरमध्ये डबी बंद नसते, पाण्याला निघून जायला वाट असते, हे खरं. पण तापलेल्या दोन प्लेटांमध्ये दाबलेल्या बटेला वेळ किती मिळतो? केसातलं पाणी क्षणात उकळतं. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. बाहेरच्या खवल्यांमधून ती सगळी निसटू शकत नाही, आणि पाण्याने मऊ झालेला केस आतून फुगतो. तेच ते बुडबुडे. ओलसर केसात ते व्हायला २३० ची गरजही नसते. कर्लिंग टाँग १२५ डिग्रीवर मिनिटभर धरली तरी ते दिसल्याची नोंद आहे. म्हणजे ‘मी तर कमीवरच ठेवते’ हे ओल्या केसांच्या बाबतीत संरक्षण नाही.

मग कोरड्या केसांना २३० चालतं का? माझं उत्तर आहे, स्पष्टपणे ‘नाही’. २३० ही पीळ मोडण्याची जागा आहे, त्रास सुरू होण्याची नव्हे. १३० ते १६० च्या टप्प्यातच केसातलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल हळूहळू नष्ट व्हायला लागतं. एका दिवसात ते कळत नाही, पण रोज त्याच बटेवर चार-चार वेळा प्लेट फिरली तर साठत जातं. पांढरे किंवा फिकट केस पिवळट पडायला लागले, तर तीही जास्त उष्णतेची खूण असते. ब्लीच केलेल्या केसांची सहनशक्ती आधीच कमी झालेली असते, त्यामुळे त्यांना मी १५० च्या वर जाऊ देणार नाही. धडधाकट, जाड केसांना १८० पुरतं. त्यावर जाऊन जे सरळपण मिळतं, ते मोजलेल्या नुकसानीपुढे फारच थोडं असतं. शिवाय ते टिकतही नाही, कारण हवा दमट झाली की पाणी आत शिरतं आणि केस पुन्हा आपल्या वळणावर जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. सेटिंग कमी करून तीच बट पाच वेळा ओढली तर फायदा काही उरत नाही. बट पातळ घ्या, म्हणजे आतल्या केसांपर्यंत उष्णता एका फेरीत पोचते. जाड बट घेतली की बाहेरचे केस भाजतात, आतले वाकडेच राहतात, आणि आपण पुन्हा पुन्हा फिरवतो.

आता ड्रायर. त्याला लोक उगाच स्ट्रेटनरइतकं घाबरतात. ड्रायर केसांपासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी हे मोजलं होतं. १५ सेंटिमीटरवर सुमारे ४७ डिग्री, १० वर ६१, आणि ५ वर तब्बल ९५. जवळ नेला तसं केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान वाढलं. पण त्याच प्रयोगात आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या आतल्या पेशींना जोडणाऱ्या थरात बिघाड दिसला, आणि तो फक्त त्याच गटात. केस फार वेळ ओले राहणंही निरुपद्रवी नाही. त्यांचा सल्ला होता की ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरून सतत हलवत राहावा. मी तेच करते.

केसावर पाणी आहे तोवर त्याच्या बाष्पीभवनाने केस थंड राहतो. धोका असतो तो शेवटच्या दोन मिनिटांत, पाणी संपल्यावरही आपण तीच गरम हवा मारत राहतो तेव्हा. तिथे मी थंड हवेवर येते.

आणि वाळलेत की नाही हे कसं ओळखायचं? वरून हात फिरवून नाही. मानेजवळची, आतली बट उचलून ओठाला किंवा मनगटाला लावा. गार लागली तर पाणी अजून आहे. हीट प्रोटेक्टंट लावत असाल तर तेही पूर्ण वाळू द्या. ते केसाचं तापणं थोडं संथ करतं, पण ओल्या केसाला कोरडा करत नाही.

बहिणीचे ते तुटके केस काही दुरुस्त झाले नाहीत. पोकळी भरून काढणारं कुठलंही तेल किंवा सीरम नाही, ते केस कापावेच लागले. मुळं मात्र शाबूत होती, कारण जळला होता तो वाढून बाहेर आलेला, निर्जीव भाग. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. आता तिचा स्ट्रेटनर १६० वर असतो, आठवड्यातून एकदा, आणि केस धुतलेल्या सकाळी तर नाहीच. समोरच्या बटा आता भुवयांपर्यंत आल्यात.