आजोबांचा फोटो हलतो तेव्हा नेमकं काय होतं

“एकच फोटो द्या, एआय तुमच्या आजोबांना जिवंत करतं! ते जसे हसायचे, चालायचे, बोलायचे, हुबेहूब तसंच. फोटो कितीही जुना, पुसट असला तरी चालतो. व्हिडिओ हवा तेवढा मोठा. फुकट!! सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

हा फॉरवर्ड सांगली-मिरजेच्या निम्म्या ग्रुपांवर फिरून झालाय. आमच्या स्टुडिओत लोक मोबाईल पुढे करून “हे असं करून द्या” म्हणतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. उदाहरणाला असाच आलेला एक फोटो घेतो. पोस्टकार्ड साइजचा, आडवा, काळा-पांढरा. कृष्णेच्या घाटावर फेटा बांधलेले, हातात काठी घेतलेले आजोबा, पाठीमागे नदी आणि आयर्विन पूल.

आधी हसण्याचं बघू. फोटोचा व्हिडिओ करणारी ही एआय साधनं तुमचा फोटो व्हिडिओची पहिली फ्रेम म्हणून धरतात. पुढच्या सगळ्या फ्रेम म्हणजे अंदाज. शिकवताना दाखवलेल्या असंख्य क्लिपांमध्ये अशा वयाची, अशा चेहऱ्याची माणसं साधारण कशी हसतात, त्यावरून बांधलेला. पडताळून बघायचं असेल तर तोच फोटो, तीच सूचना देऊन साधन तीनदा चालवा. दर वेळी सुरुवात वेगळ्या यादृच्छिक आकड्यांपासून होते, ते आकडे ज्या संख्येवरून ठरतात तिला ‘सीड’ म्हणतात, म्हणून हसूही तीन तऱ्हांचं येतं. एकात गाल वर जातात, एकात नुसते ओठ ताणले जातात, एकात दात दिसतात. आजोबांचं हसू फोटोत साठवलेलं असतं तर तिन्ही वेळा एकच निघालं असतं. आमच्या फोटोत आजोबांचं तोंड मिटलेलं होतं. व्हिडिओत ते उघडलं आणि आत पांढरीशुभ्र, अख्खी बत्तिशी! नात म्हणाली, “अहो, आज्जाचे पुढचे दोन दात कधीच गेले होते.” साधनाला ते कळायला मार्गच नव्हता.

२०२१ साली जुन्या फोटोतले चेहरे हलवणाऱ्या ‘डीप नॉस्टॅल्जिया’ची लाट आली होती, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. तिथे तर दुसऱ्याच माणसाच्या आधी रेकॉर्ड केलेल्या हालचाली तुमच्या फोटोतल्या चेहऱ्यावर चढवल्या जायच्या. म्हणूनच गावातल्या सगळ्यांचे आजोबा एकसारखीच मान वळवत होते. आजची साधनं हालचाल नव्याने तयार करतात, त्यामुळे ती जास्त खरी वाटते. ओळखीची होते असं नाही.

पुसट फोटोचा मुद्दा मात्र लोक सर्वात हलका घेतात, आणि काम बिघडतं ते नेमकं इथेच. बरीचशी साधनं चित्र आतमध्ये आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत दाबून घेतात आणि पुढचं काम त्या दाबलेल्या चित्रावर करतात. आता हिशोब करा. आपला फोटो १४ सेंटीमीटर रुंद, आजोबांचा चेहरा जेमतेम अर्धा सेंटीमीटर. व्हिडिओ १२८० पिक्सेल रुंदीचा निघणार, म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला आले साधारण ४५ पिक्सेल. रुंदीत चौकटी मोजल्या तर सहासुद्धा भरत नाहीत. डोळे, भुवया, मिशी, गालावरचा तीळ, सगळं तेवढ्यात बसवायचं. ते बसत नाही, मग साधन स्वतःच्या मनाने चेहरा भरतं. डोकं थोडं वळलं की आजोबांच्या जागी त्यांच्यासारखा दिसणारा कुणी भलताच पाहुणा उभा.

मग “भारी स्कॅन करून आणतो” म्हणतात. नुसत्या त्याने काही होत नाही. स्कॅन ६०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांचा असो की १२०० चा, अख्खा फोटो दिलात तर साधन तो लहान करून त्याच १२८० पिक्सेलमध्ये बसवणार आणि चेहरा पुन्हा ४५ वर येणार. खरी गंमत कापण्यात आहे. ६०० डीपीआयला स्कॅन करा, मग आजोबांभोवतीचा तीन सेंटीमीटर रुंदीचा उभा तुकडा कापा. तो सुमारे ७०० पिक्सेल भरतो, उभ्या व्हिडिओला बरोबर पुरतो, आणि चेहरा १२० पिक्सेलच्या आसपास जातो. एवढ्यावर तो बराच टिकतो. अर्थात पूल जवळजवळ सगळा जातो. चेहरा हवा की पूल हे आधी ठरवा. आणि काचेतल्या फ्रेमचा मोबाईलवर काढलेला, चार ग्रुप फिरून आलेला फोटो आणू नका. मूळ प्रिंट आणा.

चालण्याकडे वळू. घाटाचा फोटो देऊन “आजोबा चालत येतात” असं लिहिलं की हात हलतो. हातामागे झाकलेलं धोतर, काठीमागची पायरी, हे फोटोत कधी नव्हतंच, ते जागच्या जागी बनवावं लागतं. म्हणून काठी मध्येच धोतरात विरघळते, बोटं एकमेकांत मिसळतात. कॅमेरा उजवीकडे सरकवायला सांगितला तर आणखी मजा. फोटोच्या कडेबाहेरचा पूल साधनाला माहीत नाही, तेव्हा ते आपल्याच हिशोबाने कमानी उभारत जातं. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते चालून जाईल, सांगलीकर लगेच बोट ठेवतो. मागे दुकानाची पाटी असेल तर अक्षरं वळवळायला लागतात, देवनागरी तर हमखास.

उलट काही गोष्टी ही साधनं खरोखर छान करतात. नदीचं पाणी, धूर, वाऱ्याने हलणारं फेट्याचं टोक, पापणीची उघडझाप, कॅमेऱ्याचं संथ पुढे येणं. पाण्याची लाट जराशी चुकली तर कुणाच्या लक्षात येत नाही, ओळखीचा चेहरा केसाएवढा चुकला तरी घरच्यांना खटकतो. म्हणून मी सूचना अशी लिहितो: “पाणी संथ वाहते, फेट्याचे टोक हलते, माणूस स्थिर उभा, तोंड मिटलेले, कॅमेरा स्थिर.” काय हलू नये हेही सांगावं लागतं. क्लिप आली की ती एकेक फ्रेम थांबवून पहिल्या फ्रेमशी ताडून बघतो, कान आणि हनुवटी आधी. तिथला आकार बदलला असेल तर ती क्लिप बाद.

लांबी बहुतेक ठिकाणी एका खेपेला पाच ते दहा सेकंद. “वाढवा” असं बटण असतं, पण साध्या प्रकारात ते शेवटची फ्रेम उचलतं आणि तिलाच नवा फोटो मानून पुढे जातं. पहिल्या तुकड्यात नाक किंचित बदललं असेल तर दुसरा तुकडा त्या बदललेल्या नाकापासून सुरू होतो. चौथ्या तुकड्यापर्यंत फक्त फेटा आजोबांचा राहतो. लग्नाच्या व्हिडिओत घालायचं असेल तर एका फोटोची लांबण लावण्यापेक्षा वेगवेगळ्या फोटोंचे छोटे तुकडे जोडलेले बरे.

फुकटचं म्हणाल तर रोजच्या थोड्याशा क्लिपा, त्याही बऱ्याचदा कोपऱ्यात शिक्का मारून. पुढे पैसे.

राहिला आवाज. फोटोत आवाज नसतो. काही साधनं व्हिडिओसोबत बोलणंही देतात, पण तो कुणाचा तरी तयार केलेला आवाज. घरात जुनी कॅसेट असेल, कुणाच्या बारशात आजोबा चार वाक्यं बोललेले असतील, तर गोष्ट वेगळी. आवाजावर ओठ बसवणारी साधनं निराळी असतात. त्यांना चेहरा समोरून आणि मोठा लागतो, म्हणजे घाटावरचा हा फोटो तिथे चालणार नाही, पासपोर्टचा चालेल. तेव्हा फोटो घेऊन याल तेव्हा कॅसेटही शोधून आणा.