झिरो डाउन पेमेंट, पोरगा आणि आमचा पगार

दहावीचा निकाल लागला आणि आमच्याकडे मोबाईलचा विषय निघाला. अकरावी सायन्सला ॲडमिशन झालीये, कॉलेजच्या नोट्स, टाइमटेबल सगळं ग्रुपवर येतं, आणि घरातला मोठ्या स्क्रीनचा फोन ह्यांच्यासोबत सकाळीच सातपूरला कंपनीत जातो, त्यामुळे पोराची मागणी खोटी नव्हती हे मी आधीच सांगते. प्रश्न पैशाचा होता. ह्यांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, पगार दहा तारखेला, कधी बारा पण होते, आणि माझं ब्लाउज शिवायचं काम लग्नसराईत चालतं, पावसाळ्यात बसतं.

तर लेक एक दिवस दुकानातून कागद घेऊनच आला. म्हणे आई, अठरा हजारांचा फोन आहे, आत्ता एक रुपया द्यायचा नाही, महिना पंधराशे, बारा महिने, व्याज शून्य! मी म्हटलं बस खाली, वही काढ.

आणि खरंच दोघं बसलो. पंधराशे गुणिले बारा, अठरा हजार, बरोबर. मग त्या कागदावर खाली बारीक अक्षरात प्रोसेसिंग फी 599, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 707 झाले. त्याखाली मोबाईल इन्शुरन्स 1299, तो आम्ही मागितलाच नव्हता, आधीच टिक करून ठेवलेला. बेरीज वीस हजार सहा. मी त्याला म्हटलं आता परत जा आणि रोख दिले तर कितीला देता ते विचारून ये. उत्तर आलं सतरा हजार. म्हणजे शून्य टक्केवाल्या फोनचे तीन हजार जास्त, माझी चाळीस साड्यांची फॉल-पिको गेली की ह्यात! रिझर्व्ह बँकेने तर 2013 मध्येच सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते पैसे कुठूनतरी वसूल होतातच.

पोरगा गप्प बसला नाही. म्हणे इन्शुरन्स काढून टाकू, मग फक्त सतराशेच जास्त जातात, आणि एकदम सतरा हजार कुठून आणणार तू? मुद्दा बरोबर होता. गरीब माणूस हप्ता घेतो ते हौसेने नाही, एकरकमी पैसे नसतात म्हणून घेतो.

पण मला खरी भीती फीची नव्हतीच, तारखेची होती. हप्ता कापला जाणार पाच तारखेला आणि पगार येणार दहाला. खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स, मग फायनान्स कंपनी दंड लावते आणि बँक तिचा वेगळा लावते, एकाच चुकलेल्या हप्त्याला दोन दोन दंड. त्यात हा सोळा वर्षांचा, त्याच्या नावावर कर्ज होतच नाही, ते माझ्या नावावर. आणि दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला शैक्षणिक कर्ज काढायला गेलो की सहकर्जदार आईबापच असतात, तेव्हा बँक आमचाच सिबिल बघणार. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, हे मला माहितीच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोरांना "परवडत नाही" एवढंच सांगून उठू नका, घरचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. ह्या वयाची मुलं गणितात आपल्यापेक्षा पक्की असतात, फक्त आकडे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

नंतर त्यानेच विचारलं, तुझा भिशीचा नंबर कधी आहे? माझा होता गणपतीनंतर, दहा हजार. शेजारच्या काकूंना विचारून नंबर बदलून घेतला, त्यांना दिवाळीजवळच हवे होते. अडीच हजार त्याचे स्वतःचे, भाऊबीजेचे साठवलेले आणि सुट्टीत मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसला त्याचे. साडेबारा हजारात त्याच कंपनीचा मागच्या वर्षीचा मॉडेल बसला. कॅमेरा जरा कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं त्याने थोडं, पण स्टोरेज 128 जीबीच पाहिजे ह्यावर अडून राहिला आणि ते मी मान्य केलं, कारण रोजच्या पीडीएफ आणि व्हिडिओ लेक्चरने कमी जागेचा फोन वर्षात भरतो.

दुकानात पक्कं बिल घेतलं, *#06# दाबून आयएमईआय नंबर बिलाशी आणि डब्याशी जुळवला, मगच पैसे दिले.

रिचार्जवर मात्र अजून घासाघीस चालू आहे. महिन्याचा म्हणतात तो प्लॅन 28 दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नाही तेरा रिचार्ज, तीनशेच्या आसपास धरला तरी जवळजवळ चार हजार. मी म्हणते फक्त कॉलिंगचा घे आणि संध्याकाळी पप्पांचा हॉटस्पॉट वापर. तो म्हणतो कॉलेजमध्ये नेट लागतं. सध्या अर्धे मी आणि अर्धे तो, शनिवार-रविवार मामाच्या दुकानात बसून, असं ठरलंय, बारावी सुरू होईपर्यंत.

तुमच्याकडे कोणी हप्त्यावर घेत असेल तर सहीआधी केएफएस नावाचा कागद मागा, ऑक्टोबर 2024 पासून तो द्यावाच लागतो, सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती ते त्यात लिहिलेलं असतं. आणि हप्त्याची तारीख पगाराच्या नंतरची मिळते का ते आधी विचारा.