साखर कारखान्याचे साठ्याचे दिवस: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "243 दिवसांचा साठा म्हणजे ढिसाळ कारभार, असं तुम्ही लिहिलंत. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात मी 18 वर्षं काढलीत. मार्चचा आकडा धरून कारखाना मोजणारे कधी गोदामात डोकावलेत का?"

साहेब, ते वाक्य चुकलंच. उदाहरणातल्या कारखान्याचा वर्षाचा उत्पादन खर्च 600 कोटी आणि 31 मार्चचा साठा 400 कोटी, म्हणून साठा किती दिवसांच्या खर्चाएवढा आहे हे काढायला 400 भागिले 600 गुणिले 365 करून मी मोकळा झालो. गाळप हंगाम नुकताच संपलेला असतो, गोदामात पोत्यांची थप्पी छताला टेकलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवशी ताळेबंद मांडला जातो. गेल्या आणि यंदाच्या मार्चची सरासरी हा नेहमीचा उपायही इथे कामाचा नाही, कारण दोन्ही टोकं शिखरावरचीच. शिवाय 2018 पासून महिन्याला किती साखर विकायची, याचा कोटा केंद्र ठरवतं. मनात आलं म्हणून गोदाम रिकामं करता येत नाही.

पण म्हणून आकडा फेकून देऊ नये, तारीख बदलावी. शेअर बाजारात नोंदलेले कारखाने सप्टेंबरअखेरचाही ताळेबंद देतात. तेव्हा बॉयलर पेटायचा असतो, म्हणजे उरलेली साखर मागच्या हंगामाची. समजा तिथे साठा 100 कोटी, तर दिवस 61. पुढच्या सप्टेंबरला खर्च तेवढाच असून साठा 160 कोटी झाला, तर 97. आता विचारायला जागा आहे: कोटा कमी मिळाला, की मिळालेला कोटाही उचलला गेला नाही? शेजारच्या कारखान्याचा सप्टेंबर शेजारी ठेवला की बरंच कळतं.

येण्यांचं उलटं. 700 कोटी विक्रीवर 35 कोटी येणी, म्हणजे 18 दिवस, दिसायला झकास. पण साखरेचा व्यापारी पैसे भरल्यावरच ट्रक भरतो, तिथे उधारी जवळपास नसतेच. त्या 35 पैकी 30 कोटी कारखान्याची वीज विकत घेणाऱ्या वीज कंपनीकडे असतील आणि वर्षाची वीजविक्री 50 कोटींची असेल, तर विजेची येणी 219 दिवसांची झाली. एकूण आकड्यात ती विरघळून जातात. म्हणून मी खातं फोडून बघतो.

आणि तुम्हीच ज्यावर लिहायला हवं होतं ते ऊसबिल. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हा नियम तुम्हाला पाठ असणार. बिलं थकवली की देणी फुगतात आणि खेळतं भांडवल कागदावर छान आटोपशीर दिसतं. माझ्या 243 दिवसांपेक्षा हा आकडा जास्त फसवा आहे. मार्चअखेरची ऊसबिलाची देणी शेवटच्या पंधरवड्यात गाळलेल्या उसाच्या किमतीपेक्षा बरीच जास्त असतील, तर तो कारखाना शेतकऱ्याच्या पैशावर चाललाय, असं मी आजही लिहीन. मूळ लेखातलं "ढिसाळ" मात्र काढलं आहे.